नायटिनॉल वायर घ्यायची तर कुठली, सुपरइलास्टिक का ॲक्च्युएटरवाली?

माझा भाचा इथंच कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी त्यानं ऑनलाइन 'नायटिनॉल वायर' मागवली, अर्ध्या मिलिमीटरची, मस्त चकचकीत. रविवारी उद्यमनगरात माझ्या शेडवर आला आणि म्हणाला, "मामा, तीन अँपिअर सोडला, बोट भाजलं माझं, पण वायर ढिम्म हलत न्हाई." मी ती वायर हातात घेऊन बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली, तर टणकन सरळ. म्हटलं लेका, वायर खराब नाही, तू स्टेंटवाली मागवलीयस, म्हणजे सुपरइलास्टिक, वाकवून सोडली की आपोआप सरळ होणारी; तुला हवी होती ॲक्च्युएटरवाली, तापवल्यावर ओढणारी. त्याच दिवशी ठरवलं की हे एकदा सविस्तर लिहून टाकावं, कारण विकणारे दोन्हीला एकच नाव लावतात आणि घेणारा फसतो.

धातू एकच, निकेल आणि टायटॅनियम, अणू मोजले तर जवळपास निम्मे-निम्मे. 'नायटिनॉल'मधलं 'नॉल' म्हणजे अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीची आद्याक्षरं, 1960 च्या आसपास तिथं विल्यम ब्यूलर या माणसानं हा मिश्रधातू पुढे आणला. फरक पडतो तो निकेलच्या चिमूटभर जास्त-कमीनं. शेकडा 50 अणूंच्या वर निकेल गेलं की दर 0.1 टक्क्याला रूपांतराचं तापमान साधारण 10 अंशांनी खाली येतं. म्हणजे सुपरइलास्टिक वायरीत निकेल 50.8 च्या आसपास, ॲक्च्युएटरच्या वायरीत 50 च्या जवळ, एवढाच काय तो फरक, आणि त्यावर एक वायर स्टेंटमध्ये जाते तर दुसरी लॅच ओढते.

आता रूपांतर म्हणजे काय ते. गरम अवस्थेत अणू चौकोनी घनाच्या मांडणीत बसतात, त्याला ऑस्टेनाइट म्हणायचं. थंड झालं की तीच मांडणी तिरकी सरकते, ते मार्टेन्साइट. पत्त्यांचा कॅट हाताखाली धरून बाजूला ढकलला की कसा तिरका होतो, एकही पत्ता उडी मारून दुसरीकडे जात नाही, तसंच. अणू आपले शेजारी सोडत नाहीत म्हणून परत यायचा रस्ता त्यांना माहीत असतो. आणि सगळीकडे एकाच बाजूला तिरकं झालं तर वायरीचा आकारच बदलेल, म्हणून एक थर डावीकडे एक उजवीकडे असं नागमोडी होतं, बाहेरून वायर होती तशीच दिसते. ती ओढली की डावे थर उजवीकडे वळतात आणि वायर 4-5 टक्के लांब होते, तीसुद्धा जास्त जोर न लावता. मग गरम करा, सगळे घरी परत. स्टीलची स्प्रिंग अर्ध्या टक्क्याच्या आसपासच दम सोडते, ही 8 टक्क्यांपर्यंत ताणून परत येते.

खरी गोम इथं आहे: मार्टेन्साइट दोन वाटांनी येतं, थंड करून किंवा ताण देऊन. आणि या दोन वाटांचा एकमेकांशी विनिमय दर ठरलेला आहे, 1 अंश तापमान म्हणजे साधारण 6 ते 7 मेगापास्कल ताण. पुढचं सगळं ह्या एका दरावर चाललंय.

भाच्याच्या वायरीचाच हिशोब करू. तिचं एएफ, म्हणजे ज्या तापमानावर ती पूर्ण ऑस्टेनाइट होते तो आकडा, खोलीच्या तापमानाच्या खाली. शेडमध्ये 30 अंश, म्हणजे वायर आधीच पूर्ण गरम बाजूला बसलीय, आणखी गरम करून ती कुठं जाणार? तिच्यात मार्टेन्साइट आणायचं तर ताण द्यायला हवा, आणि अशा वायरीला तो 400 मेगापास्कलच्या आसपास लागतो. अर्ध्या मिलिमीटरच्या वायरीचं क्षेत्रफळ 0.196 चौरस मिलिमीटर, गुणिले 400, आले 78 न्यूटन, म्हणजे चांगलं आठ किलो. भाच्यानं टांगलं होतं 200 ग्रॅम! करंट सोडून तर त्यानं उलट तो आकडा वरच नेला. (आठ किलो टांगून वायर लांब केली असती आणि मग तापवली असती तर तिनं ते उचललंही असतं, पण एवढ्या ताणावर थोड्याच फेऱ्यांत वायर लांबतच जाते आणि तुटते, त्यामुळं तो नाद नको.)

मग ही वायर चांगली कशाला? जिथं तापमान फारसं बदलत नाही आणि वाकवून सोडल्यावर परत यायलाच पाहिजे तिथं. चष्म्याच्या दांड्या, दातांच्या तारा, कॅथेटरच्या गाइडवायरी, आणि स्टेंट. इथं एक गैरसमज मोडतो, हृदयातले बहुतेक स्टेंट नायटिनॉलचे नसतात, ते कोबाल्ट-क्रोमसारख्या धातूचे, आतल्या फुग्यानं फुगवून बसवायचे. नायटिनॉल लागतं पायाच्या किंवा मानेच्या धमनीत, जिथं बाहेरून दाब येतो, पाय वाकतो, मान वळते. फुगवून बसवलेला स्टेंट तिथं एकदा चेपला की चेपलेलाच राहतो, हा परत उभा राहतो.

समजा धमनी 7 मिलिमीटरची, तर स्टेंट मुद्दाम 8 चा घेतात. नायटिनॉलच्या बारीक नळीला लेझरनं जाळी कापतात, टप्प्याटप्प्यानं फुगवून 500 अंशांच्या आसपास भट्टीत आकार पक्का करतात, भट्टीत किती मिनिटं ठेवलं त्यावरही एएफ सरकतं, आणि शेवटी ते शरीराच्या 37 अंशांच्या थोडं खाली आणून ठेवतात. मग थंड करून मऊ झालेला स्टेंट चेपून दोन मिलिमीटरच्या कॅथेटरमध्ये भरतात. आत सोडला की तो उघडतो, पण 8 पर्यंत जाऊ शकत नाही, धमनी त्याला 7 वर अडवते. आता मजा बघा, तो परत येण्याच्या वाटेवर थांबलाय, आणि परतीचा ताण हा जाताना लागणाऱ्या ताणापेक्षा बराच कमी असतो. म्हणून धमनीला तो बाहेर हळूच ढकलत राहतो, पण बाहेरून कुणी चेपायला गेलं की एकदम कडक होतो. एकच वस्तू आतून मवाळ, बाहेरून खमकी. हे ना स्टीलला जमतं ना प्लास्टिकला.

बिघडतं कुठं? एएफ 10 अंशांनी वर गेलं की त्या विनिमय दरानं 60-70 मेगापास्कल जोर गेलाच, स्टेंट ढिला. 37 च्या बऱ्याच वर गेलं तर नीट उघडणारच नाही. आणि दुसरं म्हणजे थकवा, एका झटक्यात 8 टक्के सहन करणारा धातू कोट्यवधी ठोक्यांत मात्र अर्ध्या टक्क्याच्या खालच्याच हेलकाव्यात राहिला पाहिजे, मांडीच्या धमनीतले स्टेंट मोडायचे ते ह्यानंच.

आता ॲक्च्युएटरवाली. ही खोलीच्या तापमानाला मऊ असते, वाकवली तर वाकलेलीच राहते, आणि गरम केल्यावर ओढते. भाच्याला फौंड्रीच्या कंट्रोल पॅनेलमधली छोटी लॅच 8 मिलिमीटर ओढायची होती, जोर 150 ग्रॅम. 0.15 मिलिमीटरची वायर घेऊ, हिची ओढायची शिफारस 320 ग्रॅमच्या आसपास, ताणात धरलं तर 180 मेगापास्कलच्या आत. फिरायला 4 टक्के धरले तर 25 सेंटिमीटर वायरीत 10 मिलिमीटर मिळतात, पुरतं. रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साधारण 55 ओहम, म्हणजे आपल्या तुकड्याला 14 च्या आत, आणि 400 मिलीअँपिअर सोडायला साडेपाच-सहा व्होल्ट. एका सेकंदात ओढते.

पण एक गोष्ट सगळे विसरतात, ही वायर ओढते पण ढकलत नाही. थंड झाल्यावर कुणीतरी तिला परत ताणायला लागतं, म्हणून बायस स्प्रिंग लावायची, साधारण 120 ग्रॅमची. ते 320 मधून वजा झाले, उरले 200, आणि लॅच ओढताना स्प्रिंगही ताणली जाऊन तिचा जोर वाढतो म्हणून स्प्रिंग लांब आणि मऊ घ्यायची, नाहीतर 150 सुद्धा उरत नाहीत.

आणि इथं एएफची चूक उलट्या दिशेनं मारते. बाजारात ही वायर 70 आणि 90 अंशांची मिळते. 70 वाली गरम होताना त्या आसपास ओढते, पण सैल व्हायला तिला साधारण 42 अंशांपर्यंत खाली यावं लागतं. एप्रिलमध्ये शिरोली एमआयडीसीत भट्टीपासून वीस फुटांवरचं बंद पॅनेल आत किती असतं ते हात घालून बघा, 45 सहज. वायर अर्धवट सैल होते, लॅच अर्धी परत जाते, आणि तुम्ही स्प्रिंगला शिव्या देत बसता. 90 वाली 60 च्या वरच सैल होते, शिवाय तिच्यात आणि आसपासच्या हवेत तापमानाचा फरक मोठा असल्यानं लवकर थंड पडते. करंट थोडा जास्त खाते, खाऊ दे. पॅनेलमध्ये 90 चीच घ्या, थंड जागी टेबलावर डेमो दाखवायचा तर 70 ची.

वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नका. गरम एका सेकंदात होते पण थंड व्हायला दोन-अडीच, त्यामुळं मिनिटाला पंधरा-वीस फेऱ्या झाल्या तरी खूप. विजेतलं जेमतेम काही टक्के कामात उतरतं, बाकी उष्णता. सतत ओढून धरायचं असेल तर वायर घेऊच नका, सोलेनॉइड किंवा छोटी मोटर बघा. वायर जिंकते ती जागा कमी, आवाज नको आणि काम अधूनमधून असेल तिथं. टोकं सोल्डर करू नका, वरच्या ऑक्साइडवर कथील धरत नाही आणि उष्णतेनं तेवढा भाग मरतो, पितळी नळीत दाबून क्रिंप करा.

हातात आलेली वायर कुठली हे ओळखायला लॅब नको. वाकवा. सोडल्यावर उडून सरळ झाली तर सुपरइलास्टिक. वाकलेली राहिली तर उकळत्याच्या थोडं खालच्या पाण्यात बुडवा, चटकन सरळ झाली तर ॲक्च्युएटरवाली, नाही झाली तर तुम्हाला साधी तार विकलीय. सुपरइलास्टिकचं एएफ बघायचं तर बर्फाच्या पाण्यात धरून वाकवा आणि पाणी हळूहळू तापू देत थर्मामीटर बघा, जिथं पूर्ण सरळ झाली तो आकडा. मेडिकलवाले हेच नीट मोजमाप करून करतात, एएसटीएम एफ2082 नावाची पद्धत आहे. बर्फातसुद्धा उडून सरळ झाली तर एएफ शून्याच्या खाली आहे, फ्रीजरमध्ये टाकून बघा.

विचारताना 'नायटिनॉल आहे का' असं विचारू नका, 'एएफ किती' विचारा, आणि मेडिकलसाठी असेल तर सर्टिफिकेटसकट. आकडा सांगता आला नाही तर फोन ठेवा.

भाच्यानं 90 ची घेतली, लॅच चालतेय. ती जुनी अर्ध्या मिलिमीटरची मी ठेवून घेतली, वायरिंगच्या पाइपातून दोरा ओढायला तिच्याइतकी चांगली काडी मला अजून मिळाली नाही, कोपऱ्यावर कितीही वळली तरी मुडपत नाही.