क्लायंट दुबईचा, खातं हिंगणघाटचं, आणि व्हिसा? ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाची तुलना

हिंगणघाट, दारव्हा, मेहकर अशा ठिकाणांहून घरबसल्या वेबसाइट, लोगो, व्हिडिओ एडिटिंगची कामं करणारी बरीच मुलं आता मास्टर्सला बाहेर जातात. कामाचं काय, असं विचारलं की घरी आणि कन्सल्टन्सीत एकच उत्तर मिळतं : "क्लायंट त्या देशातला नाही, पैसा इथल्या खात्यात येतो, मग त्यांचा काय संबंध?"

पण व्हिसाचे नियम आधी पाहतात ते काम करताना तुम्ही कुठे बसला आहात हे. लंडनच्या खोलीत बसून दुबईच्या दुकानाची वेबसाइट बनवली तर ते लंडनमध्ये केलेलं काम. पैसा हिंगणघाटच्या बँकेत आला म्हणून ते भारतातलं होत नाही. फरक पडतो तो इतकाच, की त्या कामाकडे प्रत्येक देश वेगळ्या नजरेनं पाहतो.

एक उदाहरण धरून चालू. मुलगा वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकानं बांधून देतो. दोन क्लायंट आहेत, एक दुबईत, एक टेक्सासमध्ये. आठवड्याला १८ तास जातात. तिकडे गेल्यावर कॅफेत १५ तासांची नोकरीही करायचा विचार आहे. हेच गणित तिन्ही देशांत लावून पाहू.

ब्रिटन : तास नव्हे, कामाचा प्रकार

पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हे २० तास नोकरीसाठी आहेत. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार आणि व्यवसाय यांना मनाई आहे, आणि फ्रीलान्सिंग म्हणजे स्वयंरोजगारच. त्यामुळे आपल्या मुलाचे कॅफेतले १५ तास चालतील, पण वर्डप्रेसचा एक तासही चालणार नाही. सुट्टीतही नाही, कारण सुट्टीत तासांची मर्यादा उठते, स्वयंरोजगाराची बंदी तशीच राहते.

इथे फसगत होते ती करामुळे. कर खात्यात स्वयंरोजगारी म्हणून नोंदणी होते, नंबर मिळतो, आणि मुलाला वाटतं परवानगी मिळाली. कर खातं परवानगी देत नाही, ते फक्त कर घेतं. उलट व्हिसाची अट मोडल्याचा लेखी पुरावा आपणच तयार करून ठेवलेला असतो. अट मोडल्याचं दिसलं तर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि पुढच्या अर्जातही ते आडवं येतं.

आपली अट पाहायची असेल तर gov.uk वर `View and prove your immigration status` ही सेवा उघडा आणि कामाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. व्हिसा मंजुरीचं पत्रही सोबत ठेवा. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर मात्र स्वयंरोजगार चालतो. म्हणजे क्लायंट कायमचे सोडायचे नाहीत, कोर्स संपून तो व्हिसा हाती येईपर्यंत थांबवायचे.

कॅनडा : इथे क्लायंटचा पत्ता कामी येतो

नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेरच्या कामाची मर्यादा आठवड्याला २४ तास आहे. पण कॅनडाबाहेरच्या मालकासाठी दूरस्थ पद्धतीनं केलेलं काम या २४ तासांत धरत नाहीत, हे तिथल्या इमिग्रेशन खात्यानंच सांगितलं आहे. दुबई आणि टेक्सासचे १८ तास बाजूला राहिले, मोजायचे फक्त कॅफेचे १५.

गडबड होते ती तिसरा क्लायंट आल्यावर. टोरंटोचं एक किराणा दुकान आठवड्याला १० तासांचं काम देतं. ते कॅनडातलं काम, म्हणून मोजायचं. १५ आणि १० मिळून २५ झाले, मर्यादा एका तासानं मोडली. म्हणून क्लायंटचं नाव, त्याचा देश, तारीख आणि तास अशी साधी वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. स्टडी परमिटवर कामाची अट छापलेली आहे का तेही पाहा. आणि अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधी कॅम्पसबाहेरचं काम करता येत नाही, पूर्णवेळ विद्यार्थी राहावं लागतं. कराचा हिशेब वेगळा आहे. तिथले कर-रहिवासी ठरलात तर बाहेरची कमाईही दाखवावी लागते.

ऑस्ट्रेलिया : परवानगी आहे, पण घड्याळ कडक

५०० क्रमांकाच्या स्टुडंट व्हिसावर 8105 ही अट असते. कोर्स चालू असताना पंधरवड्याला ४८ तास, ठरलेल्या सुट्टीत मर्यादा नाही. फ्रीलान्सिंगला बंदी नाही, पण ते याच ४८ तासांतून जातं. ऑस्ट्रेलियात ज्या कामाला सहसा मोबदला मिळतो ते काम, अशी तिथली व्याख्या आहे. क्लायंट कुठला हे तीत येतच नाही. मुलाचे १८ आणि १५ मिळून आठवड्याला ३३, पंधरवड्याला ६६. म्हणजे कॅफे ठेवायचा तर वर्डप्रेस आठवड्याला ९ तासांवर आणावं लागेल.

त्यातही पंधरवडा महिन्याच्या १ आणि १५ तारखेचा नसतो. प्रत्येक सोमवारी नवा पंधरवडा सुरू होतो. पहिल्या आठवड्यात १५ तास, दुसऱ्यात ३० आणि तिसऱ्यात २० झाले असं धरा. पहिला-दुसरा मिळून ४५, ठीक. दुसरा-तिसरा मिळून ५०, अट मोडली. क्लायंटची डेडलाइन आली की नेमकं हेच होतं. आपली अट VEVO या सरकारी ऑनलाइन सेवेत दिसते. व्यवसायाचा नंबर काढला म्हणून ४८ चे ५० होत नाहीत.

अमेरिका आणि जर्मनी थोडक्यात. अमेरिकेच्या एफ-१ या स्टुडंट व्हिसावर शिकताना आपल्या मनानं फ्रीलान्सिंग धरूच नका. शिक्षणानंतर कामासाठी मिळणाऱ्या १२ महिन्यांच्या परवानगीत, म्हणजे ओपीटीत, आपल्या विषयातला स्वयंरोजगार चालतो. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित अशा स्टेम विषयांना मिळणाऱ्या तिच्या वाढीव मुदतीत चालत नाही. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मुभा नोकरीसाठी आहे. स्वयंरोजगाराला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी आधी घ्यावी लागते.

आमचं मत विचाराल तर, सोयाबीनच्या पैशात कर्जाचा हप्ता बसत नाही आणि फ्रीलान्सिंगवरच भिस्त आहे, अशा घरासाठी ब्रिटनचं गणित सगळ्यात आधी कोलमडतं. तिथे जायचं असेल तर बजेटमध्ये ही कमाई शून्य धरूनच जा.

विद्यापीठाला विचारताना

"मला रिमोट काम करता येईल का?" असं विचारलं तर "हो, २० तास" असं उत्तर येतं आणि स्वयंरोजगाराचा मुद्दा राहूनच जातो. इंटरनॅशनल ऑफिसला ईमेलमध्ये चार गोष्टी लिहा : काम करताना मी कोणत्या देशात असेन, मी पगारी नोकर नसून बिल लावणारा फ्रीलान्सर आहे, क्लायंट कोणत्या देशांतले आहेत, आणि आठवड्याचे तास किती. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. फोनवरचं "चालतं" कामाचं नाही.

बिल बाबांच्या किंवा भावाच्या नावानं लावायची युक्ती गावोगावी सांगितली जाते. काम तुम्ही तिकडे बसून करता, म्हणून व्हिसाची अट मोडतेच, वर कागदही खोटे होतात. भाऊ खरोखर काम शिकून करणार असेल तर गोष्ट वेगळी. मग क्लायंटला तसं कळवा, आणि लॉगिन, करार, बिल सगळं त्याचं करा.

निघण्याआधी संपवलेल्या कामाचे पैसे विमान उतरल्यावर आले तर घाबरायचं कारण नाही. त्यासाठी बिलावर काम पूर्ण झाल्याची तारीख टाका, फायली सुपूर्द केल्याचा ईमेल ठेवा, आणि उड्डाणाच्या आधी प्रोफाइलवरची नवी कामं बंद करा.