एचडीआरमधला पांढरा उडतोय? HGiG की स्थिर टोन मॅपिंग

बडोद्यात नवरात्रात गरब्याचा व्हिडिओ काढला की मैदानावरच्या फ्लडलाइटखाली पांढऱ्या केडियावरचं भरतकाम टीव्हीवर गायब होतं, उरतो तो नुसता पांढरा डाग. व्हिडिओ एचडीआर१० मध्ये १००० निट्सपर्यंत ग्रेड केलेला आणि टीव्हीची क्षमता ६०० निट्सची, असं धरू. निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक.

टीव्हीच्या टोन मॅपिंग सेटिंगमध्ये, म्हणजे व्हिडिओचा उजेड टीव्हीच्या क्षमतेत बसवण्याच्या सेटिंगमध्ये, HGiG निवडलं तर टीव्ही ६०० पर्यंतचा उजेड जसाच्या तसा दाखवतो आणि त्यावरचं सगळं कापतो. हा पर्याय गेमसाठी आहे, कारण तिथे कन्सोल टीव्हीच्या मर्यादेनुसार उजेड आधीच बसवतो. व्हिडिओला ते काम करणारं कुणी नसतं.

स्थिर टोन मॅपिंग (काही टीव्हींवर टोन मॅपिंग ‘ऑफ’ ठेवलं की हेच चालतं) फाइलमधली कमाल उजेडाची नोंद वाचून वरचा भाग हळूहळू दाबतं. ७०० आणि ९०० निट्समधला फरक कमी होतो, पण उरतो, म्हणून टाके दिसतात. किंमत म्हणजे तेजस्वी भाग किंचित मंद होतो. माझ्या मते व्हिडिओसाठी हाच घ्यावा. पीक ब्राइटनेस ‘हाय’ ठेवा, म्हणजे कमी दाबावं लागेल. कॉन्ट्रास्ट मात्र मूळ आकड्यावरच राहू द्या. तो वाढवला की पुन्हा पांढरं उडतं.

खात्रीसाठी तीच फ्रेम थांबवून पर्याय बदला. टाके परतले तर दोष टीव्हीच्या सेटिंगचा होता. कशानेच परतले नाहीत, तर ते बहुधा कॅमेऱ्यातच जळालेत. तिथे कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही.