पोस्टची पहिली ओळ कशी लिहायची: एकाच आंब्याच्या पोस्टचे पाच हुक

देवगडजवळ माझ्या मामाची हापूसची बाग आहे आणि सीझनमधलं फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप सगळं मी बघते. घरगुती धंदा असलेल्या बऱ्याच जणी विचारतात की पोस्टची सुरुवात नेमकी कशी करायची, प्रश्न विचारू की गोष्ट सांगू की सरळ भाव टाकू, म्हणून एकच पोस्ट घेऊन हुकचे, म्हणजे वाचणाऱ्याला थांबवणाऱ्या पहिल्या ओळीचे, पाच प्रकार शेजारी शेजारी ठेवते, तुम्हीच बघा तुमच्या मालाला काय बसतंय.

आधी आमची जुनी ओळ बघा, ही आम्ही दोन वर्षं वापरली:

"नमस्कार मंडळी, दरवर्षीप्रमाणे यंदाही आपल्या सेवेत आम्ही घेऊन आलो आहोत थेट देवगडच्या बागेतून नैसर्गिकरित्या पिकवलेला अस्सल हापूस आंबा"

इन्स्टाचं कॅप्शन 2,200 अक्षरांपर्यंत लिहिता येतं पण फीडमध्ये दिसतं ते ढोबळमानाने 125 पर्यंत, आणि फोनवर बऱ्याचदा त्याहूनही कमी, एखाद-दुसरी ओळच. आता या 125 मध्ये काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'आंबा' डोळ्याला दोन अक्षरं दिसतात पण मोजताना चार होतात, 'विक्री' तर सहा. मी वरची ओळ एकदा बसून मोजली, स्पेस आणि स्वल्पविराम धरून, तर 125 वं अक्षर नेमकं 'हापूस' या शब्दाच्या मधे येतं! म्हणजे आंबा विकणाऱ्यांच्या पोस्टमध्ये आंबा हा शब्द कापल्यानंतर येत होता, आणि लोकांना दिसत होतं फक्त नमस्कार, दरवर्षीप्रमाणे आणि आपल्या सेवेत.

हे मराठीत जास्त होतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. "आमच्या देवगडच्या बागेतला पहिल्या तोडीचा आंबा येत्या शनिवारी…" इथे कापलं तर येतोय, संपतोय की रद्द झालाय, काहीच कळत नाही. इंग्रजी पोस्ट बघून शिकलेले नियम म्हणूनच आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत, तिकडे कोण आणि काय करतंय हे सुरुवातीलाच येऊन गेलेलं असतं. आपल्याला एकच उपाय आहे, पहिलं वाक्य सात-आठ शब्दांत क्रियापदासकट संपवायचं किंवा मग क्रियापदच नको असं वाक्य करायचं. नमस्कार, शुभ सकाळ, फुलांच्या इमोजींची रांग, हॅशटॅग हे सगळं खाली.

तर पोस्ट अशी आहे: शनिवारी कोथरूडला आंबा येणार, 5 डझनाची पेटी, आधी बुकिंग. पाच सुरुवाती:

पहिली, सरळ माहिती: "देवगड हापूस शनिवारी कोथरूडला येतोय, 5 डझनाची पेटी."
दुसरी, प्रश्न: "हापूस बाहेरून पिवळाधमक आणि आत पांढरा का निघतो?"
तिसरी, गोष्ट मधूनच सुरू: "आज पहाटे पहिली आढी लावली."
चौथी, राखून ठेवलेली उत्सुकता: "काल बागेत जे घडलं ते बघून मामा खालीच बसला…"
पाचवी, थेट हाक: "पुण्यात हापूस घेताय? पेटी उघडून खालचा थर बघा."

चौथीचं आधी सांगून टाकते कारण सगळ्यात जास्त मोह तिचाच होतो. आम्ही ही खरंच टाकली होती, बागेत मोहोर एवढा जोरदार आला होता की मामा आनंदाने बसला होता, आणि पोस्टमध्ये खाली ते लिहिलं पण होतं. लोकांनी उघडायच्या आधीच फोन केले, आत्याला वाटलं मामा पडला, दोन जुन्या गिऱ्हाइकांना वाटलं अवकाळी पावसात बाग गेली, म्हणून त्यांनी दुसरीकडे पेटी सांगून टाकली. कमेंट भरपूर आल्या पण सगळ्या "काय झालं?", "सगळं ठीक ना?", पेटीबद्दल एकही नाही. आणि ज्यांनी उघडून वाचलं त्यांना पुढच्या वेळी आमच्या ओळीवर विश्वास उरला नाही, हे जास्त वाईट. फेसबुकने 2016 मध्येच माहिती दडवून क्लिक मिळवणाऱ्या हेडिंगांना फीडमध्ये खाली ढकलायचं जाहीर केलं होतं आणि डिसेंबर 2017 मध्ये "लाईक करा, टॅग करा, कमेंटमध्ये हो लिहा" असल्या पोस्टबद्दलही तेच सांगितलं. विकायच्या पोस्टला ही सुरुवात मी कधीच वापरू नका म्हणेन.

आता दुसरी, प्रश्नाची. प्रश्न दोन तऱ्हेचे असतात आणि लोक त्यात गल्लत करतात. "तुम्हाला आंबा आवडतो का?" याचं उत्तर मनात 'हो' येतं आणि बोट पुढे सरकतं, संपला विषय. पण आत पांढरा का निघतो हा प्रश्न हापूस घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी पडलेला असतो, पैसे गेलेले असतात, म्हणून माणूस थांबतो. फक्त अट एकच, उत्तर लगेच दुसऱ्या वाक्यात सुरू झालं पाहिजे. आमचं पुढे असं होतं: "याला साका म्हणतात आणि तो सालीवरून ओळखता येत नाही." मग खाली, उन्हाच्या तडाख्याने कोयीजवळचा गर पिकतच नाही, पांढरट, पोकळसर आणि आंबट राहतो, त्यामुळे आम्ही आंबा झाडावर पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार झाला की झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवतो, उतरवलेला आंबा तापलेल्या जमिनीवर न ठेवता लगेच सावलीत नेतो, आणि तरीही साका निघालाच तर फोटो पाठवा, बदलून देतो. ही पोस्ट लोक सेव्ह करतात, नातेवाइकांना पाठवतात. मात्र "शनिवारी कोथरूड" हे त्यात खाली जातं, त्यामुळे त्याच आठवड्यात पेट्या हलवायच्या असतील तर ही पोस्ट उपयोगाची नाही, आठ-दहा दिवस आधी टाकायची.

तिसरी माझी आवडती आहे, पण ती सगळ्यांना चालणार नाही. "आज पहाटे पहिली आढी लावली." पाच शब्द, क्रियापद आत, कितीही कापलं तरी पूर्ण दिसतं. ज्यांना आढी म्हणजे गवतात आंबे रचून पिकत ठेवणं हे माहितीये त्यांना वासच येतो. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी फोटो पाहिजे, गवतावर एका थरात ठेवलेले हिरवे आंबे, क्लोजअप. फोटो नसेल तर हा हुक नवीन माणसाला काहीच सांगत नाही. म्हणजे हा जुन्या गिऱ्हाइकांसाठी आहे, त्यांना बरोबर कळतं की आता आठवड्याभरात पेटी येणार आणि तेच विचारायला लागतात, बुकिंग सुरू झालं का. ब्लाउज शिवणारी "कात्री लागली पैठणीला" लिहू शकते, मसाले करणारी "आज लाल मिरच्या उन्हात टाकल्या", फक्त काम खरंच आज झालेलं असलं पाहिजे, मागच्या वर्षीचा फोटो लोक ओळखतात.

पाचवीत हाक आहे आणि लगेच हातात काहीतरी दिलंय. वरच्या थराला मोठी फळं आणि खाली बारकी, हे बाजारात अनेकांनी अनुभवलेलं असतं. "पुण्यात" हा शब्द पहिला असल्यामुळे नाशिकवाला पुढे जातो, जाऊ दे, आपण तिकडे पोचवतच नाही. नुसती हाक मात्र काही कामाची नाही, "पुणेकरांनो लक्ष द्या" यात लक्ष कशाकडे द्यायचं तेच कापलं जातं.

आणि पहिली, सरळ माहितीची, तिला लोक बोअर म्हणतात पण माल तयार असताना तिच्यासारखी दुसरी नाही. काय, कुठला, कधी, कुठे, किती, सगळं कापायच्या आत. व्हॉट्सॲप ग्रुपला तर हीच, कारण चॅटच्या यादीत मेसेजच्या आधी पाठवणाऱ्याचं नाव येतं आणि उरलेल्या जागेत चार-पाच शब्दच दिसतात, "देवगड हापूस शनिवारी कोथरूडला" एवढं दिसलं तरी काम झालं. भाव पहिल्या ओळीत टाकायचा का? आम्ही टाकत नाही, कारण भाव तोडीप्रमाणे उतरत जातो आणि जुनी पोस्ट फॉरवर्ड होत राहते, मग आधीच्या भावावरून वाद होतात. ठरलेल्या किमतीचं काही असेल, लोणचं, दिवाळीचा फराळ, तर जरूर टाका. जीआय मानांकनाचं, म्हणजे माल त्याच भागातला असल्याच्या सरकारी शिक्क्याचं (कोकणच्या हापूसला 2018 मध्ये मिळालेलं) खाली लिहा, ते खात्री पटवायला चांगलं आहे, थांबवायला नाही.

लिंक्डइनवर साधारण तीन ओळी दिसतात, पण पहिल्या ओळीनंतर एंटर मारून जागा सोडली तर ती मोकळी ओळही त्या तिनात जाते.

कुठली निवडली तरी टाकायच्या आधी स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवा आणि चॅट न उघडता यादीत काय दिसतंय ते बघा. मग फोनचा फॉन्ट मोठा करून परत बघा, कारण पेटी घेणाऱ्या बऱ्याच काका-काकूंचा फॉन्ट मोठाच असतो आणि तुमच्या फोनवर दिसलेले आठ शब्द त्यांच्याकडे पाच होतात. टाकल्यानंतर कमेंट वाचा. "कुठे मिळेल?" असं कोणी विचारत असेल आणि ते चौथ्या ओळीत लिहिलेलं असेल, तर पोस्ट लोक बघतायत पण उघडत नाहीयेत, तो शब्द वर आणा. लाईक खूप आणि विचारणा शून्य, तर ओळ छान आहे पण मालापासून लांब आहे.

आमचं यंदाचं ठरलंय ते असं: तोडीच्या दहा दिवस आधी साक्याचा प्रश्न, आढी लावली त्या दिवशी आढीची ओळ फोटोसकट, आणि गाडी निघायच्या दोन दिवस आधी सरळ माहिती. खालच्या थराची हाक फेसबुकवरच्या पुण्याच्या ग्रुपांसाठी राखून ठेवली आहे, तिथे आम्हाला कोणी ओळखत नाही. मामाला अजून नमस्कार मंडळी काढलेलं रुचलेलं नाही, म्हणून ते शेवटच्या ओळीत, फोन नंबरच्या वर ठेवलंय.