डुगडुगती खुर्ची: खिळा ठोकावा की सांधा उघडावा?

आमच्या जेवणाच्या खुर्चीचा मागचा पाय हलायला लागला, तेव्हा आधी सोपाच मार्ग सुचला: बाहेरून एक खिळा. पाच मिनिटांत खुर्ची घट्ट! महिन्याभरात पुन्हा डुगडुग, वर खिळ्याच्या रेषेत पायाला बारीक चीर. आत पाय जोडणारा गोल लाकडी खुंटा, म्हणजे डॉवेल, सैलच होता, त्यामुळे सगळा ताण खिळ्यावर आला.

दुसरा मार्ग वेळखाऊ आहे. सांधा रबरी हातोड्याने हलके ठोकत उघडायचा आणि डॉवेलवरचा, भोकातला जुना फेविकॉल कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडायचा. कंटाळा इथेच येतो; पण जुन्या थरावर नवा फेविकॉल धरत नाही, म्हणून फटीत नुसता ओतूनही भागत नाही. मग कोरडंच जोडून बघायचं. डॉवेल भोकात खुळखुळत असेल तर नवा, जरा जाड घ्यावा, कारण फेविकॉल पोकळी भरत नाही. भोकाच्या आत आणि डॉवेलवर, दोन्हीकडे पातळ थर लावायचा.

सांधा आवळून धरायला क्लॅम्प नसला तरी सुती दोरी पायांभोवती दोनदा गुंडाळून, मध्ये काठी घालून पिळली की काम होतं. सांध्यातून बारीक थेंब बाहेर आले की पुरे. ते ओल्या फडक्याने पुसावेत. खुर्ची सपाट फरशीवर उभी करून पायांमधले दोन्ही कर्ण सारखे आहेत ना, ते मोजावं, नाहीतर ती वाकडीच सुकते. चोवीस तास कुणाला बसू देऊ नये.

खिळा मी फक्त फेकायच्या स्टुलाला ठोकेन.