साक्यावरची वाचनयादी आणि तिचा तक्ता: वर्ड, एक्सेल की झोटेरो?

हापूस कापल्यावर कोयीभोवती पांढुरका, भुसभुशीत, आंबूस गर निघतो, त्याला आपल्याकडे साका म्हणतात. या एका दोषावर गेल्या कित्येक दशकांत इतके लिहिले गेले आहे की उद्यानविद्येत पीएच.डी. करणारी माझी भाची गेल्या पावसाळ्यात यादी घेऊन रत्नागिरीला आली, तेव्हा तिच्या हातात 84 नोंदी होत्या. काही मार्गदर्शकांनी दिलेल्या होत्या, काही जुन्या प्रबंधांच्या शेवटच्या पानांवरून उतरवलेल्या आणि उरलेल्या शोधयंत्रातून आलेल्या. सुमारे साठ नोंदींचे गोषवारेही तिने एकाखाली एक चिकटवून ठेवले होते. तिचा प्रश्न सरळ होता: "मामा, सटीप संदर्भसूचीचा तक्ता वर्डमध्येच करू, एक्सेलमध्ये करू, की आधी सगळं झोटेरोत भरू?" महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारते. उत्तर मात्र नोंदी किती आहेत आणि टिपणाचे पुढे काय करायचे आहे, यावर बदलते.

आधी एक फरक स्पष्ट केला पाहिजे. सटीप संदर्भसूचीत प्रत्येक नोंदीखाली शंभर-दीडशे शब्दांचा परिच्छेद असतो आणि ती वरून खाली, एकेक नोंद घेत वाचली जाते. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यासाठी लागणारा तक्ता रकान्यांतून वाचायचा असतो, म्हणजे "नमुना" हा एकच रकाना चाळीस निबंधांमधून खाली वाचत गेल्यावर काहीतरी दिसले पाहिजे. तिन्ही पर्यायांतला खरा फरक या दुसऱ्या वाचनाच्या वेळी कळतो.

वर्डमधला तक्ता सुरू करायला सर्वांत सोपा आहे. पान आडवे करायचे, पाच रकाने आखायचे आणि लिहायला बसायचे. वीस-पंचवीस नोंदी असतील, टिपणे परिच्छेदरूप हवी असतील आणि तक्ता एकदाच जोडायचा असेल, तर याहून वेगळे काही करण्याची गरज नाही. वर्डमध्ये एखाद्या रकान्यावरून ओळींचा क्रम लावता येतो, पण "फक्त आच्छादनावरचे प्रयोग दाखव" अशी गाळणी लावता येत नाही. दुसरी अडचण हळूहळू वाढणारी आहे. वर्डचा चौकोन लिहिता लिहिता कितीही लांबतो, त्यामुळे गोषवाऱ्यातली वाक्ये तशीच उतरवण्याचा मोह होतो आणि तीसाव्या नोंदीपर्यंत "निष्कर्ष" हा रकाना म्हणजे गोषवाऱ्यांची नक्कल होऊन बसतो. भाचीच्या पहिल्या मसुद्यात हेच झाले होते. तक्ता 19 पानांचा होता आणि त्यातून एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते.

एक्सेलमध्ये गाळणी मिळते, रकाने गोठवता येतात आणि अरुंद चौकोनामुळे माणूस आपोआप थोडक्यात लिहितो. माझ्या मते या कामात एक्सेलचा सर्वांत मोठा उपयोग रिकामा चौकोन दाखवण्याचा आहे. साक्याचे उदाहरण घेतले तर हे लगेच पटते. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापावेच लागते, म्हणून प्रत्येक निबंधात किती फळे कापली याचा आकडा असतो. पण समजा, एका प्रयोगात 200 फळे पाच झाडांवरची आहेत आणि दुसऱ्यात तेवढीच फळे चाळीस झाडांवरची आहेत, तर दोन्हींचे वजन सारखे धरता येत नाही, कारण एकाच झाडावरची फळे एकाच मातीत, एकाच उन्हात आणि एकाच मोहोरातून वाढलेली असतात. गोषवाऱ्यात बहुधा फक्त फळांची संख्या येते. "फळे" आणि "झाडे" असे दोन वेगळे रकाने केले की झाडांचा रकाना ओळीमागून ओळ रिकामा राहतो, आणि कोणते निबंध मुळातून वाचावे लागतील याची यादी तिथेच तयार होते.

फळाच्या तयारीचेही तसेच आहे. बागायतदार चौदा आणे तयार म्हणतो, एखादा निबंध फळधारणेपासूनचे दिवस मोजतो, तर दुसरा फळाचे विशिष्ट गुरुत्व देतो. हे सगळे "पक्वता" या एका रकान्यात कोंबले तर तुलना होत नाही आणि आपणच अंदाजाने एकाचे दुसऱ्यात रूपांतर केले तर ते चुकीचे ठरते. त्यामुळे मोजण्याची रीत एका रकान्यात आणि मूल्य जसे छापले आहे तसे शेजारच्या रकान्यात ठेवावे.

एक्सेलचा दोष संदर्भाच्या तपशिलात आहे. पृष्ठक्रमांक म्हणून 3-5 टाकले की ते तारीख समजून बदलले जाते आणि हे सहसा छपाईच्या वेळीच लक्षात येते, म्हणून तो रकाना आधीच `Text` करून ठेवावा लागतो. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे लेखकांची नावे. आपल्याकडच्या निबंधांत आडनाव कधी आधी तर कधी शेवटी येते, दक्षिणेकडच्या नावांत आद्याक्षरे कुठेही असतात, आणि एकच निबंध दोन वेगळ्या नावांनी दोनदा यादीत शिरतो. एक्सेलची पुनरावृत्ती काढण्याची सोय अक्षरशः सारख्याच ओळी पकडते. एका पूर्णविरामाचा फरक असला तरी नोंद सुटते.

झोटेरोची बाजू नेमकी इथे भक्कम आहे. हा विनामूल्य, मुक्त स्रोत असलेला संदर्भ-व्यवस्थापक 2006 पासून वापरात आहे आणि तो इंटरनेट नसतानाही चालतो. पावसात आमच्याकडे वीज आणि जोडणी दोन्हींचा भरवसा नसतो, त्यामुळे हा लहान मुद्दा नाही. डीओआय क्रमांक टाकला की शीर्षक, लेखक, वर्ष, खंड हे सारे स्वतःहून भरले जाते, आणि `Duplicate Items` या विभागात संशयास्पद जोड्या समोरासमोर येतात, त्या पाहून एकत्र करता येतात. भाचीच्या 84 नोंदींच्या अशा तपासणीनंतर 71 उरल्या.

पण डीओआय पद्धतच 2000 च्या सुमारास सुरू झाली. जुन्या निबंधांना हा क्रमांक प्रकाशकाने मागाहून नोंदवला असेल तरच मिळतो, आणि साक्यावरचे जुने काम बरेचसे कृषी विद्यापीठांचे अहवाल, परिषदांची इतिवृत्ते आणि न छापलेले प्रबंध यांत आहे. त्या नोंदी हातानेच भराव्या लागतात. मराठी गोषवाऱ्यांची आणखी एक गंमत आहे: जुन्या प्रबंधांतला मजकूर युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असतो, म्हणून पीडीएफमध्ये तो नीट दिसला तरी चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होतो. तो पुन्हा टंकण्यावाचून सहसा गत्यंतर नसते.

झोटेरोतच टिपणे लिहावीत का? लिहिता येतात, पण प्रत्येक टिपण हा एक सलग मजकूर असतो आणि "झाडे किती", "तालुका कोणता", "हंगाम किती" असे स्वतःचे रकाने तिथे आखता येत नाहीत. खुणांचे टॅग लावून थोडेफार भागते, एवढेच. म्हणून झोटेरो एकट्याने हा तक्ता देत नाही.

पन्नासच्या वर नोंदी असतील तर मी दोघांची जोडी सुचवतो. संदर्भ झोटेरोत राहतात आणि टिपणे एक्सेलमध्ये. झोटेरोतून संग्रह सीएसव्ही स्वरूपात बाहेर काढला की पहिला रकाना `Key` येतो, त्यात प्रत्येक नोंदीची आठ अक्षरांची ओळख असते. पुढे नोंदीतले लेखकाचे नाव दुरुस्त केले तरी ती ओळख बदलत नाही. ही फाइल कार्यपुस्तिकेत `Zotero` नावाच्या पानावर ठेवायची. दुसऱ्या पानाच्या पहिल्या रकान्यात फक्त ही ओळख लिहायची, शीर्षक सूत्राने ओढायचे आणि त्यापुढे आपले रकाने आखायचे:

```
=VLOOKUP(A2,Zotero!A:K,5,FALSE)
```

इथे 5 म्हणजे शीर्षक. 3 घातले तर वर्ष, 4 घातले तर लेखक आणि 11 घातले तर गोषवारा येतो. झोटेरोत दुरुस्त्या झाल्या की नवी सीएसव्ही काढून पहिले पान बदलायचे, टिपणांच्या पानाला हात लागत नाही. मात्र पुनरावृत्ती आधी काढून मगच ओळख उतरवावी, कारण दोन नोंदी एकत्र केल्यावर त्यांतली एकच ओळख उरते आणि दुसरी लिहिलेली असेल तर त्या ओळीत `#N/A` दिसू लागते. दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, तेवढी ओळख बदलली की झाले.

या जोडीत एका निबंधाला एकच ओळ द्यायचे बंधनही राहत नाही. एखाद्या निबंधात बागेत आच्छादन घालून जमिनीच्या उष्णतेचा परिणाम तपासलेला असतो आणि काढणीनंतर फळे उन्हात व सावलीत ठेवण्याचा प्रयोगही असतो. हे दोन वेगळे पुरावे आहेत. एकच ओळख दोन ओळींत लिहिली की दोन्ही स्वतंत्र नोंदले जातात आणि संदर्भ मात्र एकच राहतो. साक्याच्या कारणांबाबत उष्णता, कॅल्शियमची कमतरता आणि झाडावरच कोय रुजण्याच्या मार्गाला लागणे अशी वेगवेगळी स्पष्टीकरणे मांडली गेली आहेत. "कोणत्या कारणाची चाचणी" या रकान्यावर गाळणी लावल्यावर एका कारणावर प्रत्यक्ष प्रयोग किती आणि नुसता उल्लेख किती, हे वेगळे पडते. वर्डमध्ये यासाठी सगळी पाने पुन्हा वाचावी लागतात.

पर्याय कोणताही घेतला तरी एक रकाना मी सोडू देत नाही, तो म्हणजे "आधार". नोंद गोषवाऱ्यावरून भरली असेल तर "गो" आणि मूळ निबंध वाचून भरली असेल तर "मू". गोषवाऱ्यात यशस्वी ठरलेली प्रक्रिया ठळक असते. काहीच फरक न पडलेल्या प्रक्रिया, वगळलेली झाडे, एकाच हंगामाचा प्रयोग हे आतल्या कोष्टकांत असते. म्हणून "मर्यादा" या रकान्यात गोषवाऱ्यावरून काही लिहूच नये, तो रिकामा ठेवावा. मूळ निबंध वाचताना उलट अनुभवही येतो: गोषवाऱ्यात "साका लक्षणीयरीत्या घटला" असते आणि कोष्टकात ती घट एका वर्षी दिसते, दुसऱ्या वर्षी दिसत नाही. अशा वेळी जुनी नोंद पुसण्याऐवजी शेजारी नवी लिहिली, तर आढाव्यात त्या निबंधाबद्दल काय म्हणायचे ते आयतेच हाती येते.

प्रबंधात जोडायचा अंतिम तक्ता तरीही वर्डमध्येच जातो. एक्सेलमधले बारा रकाने आडव्या ए-4 पानावर वाचता येत नाहीत, पाच-सहाच उतरवावेत. विद्यापीठाला परिच्छेदरूप टिपणेच हवी असतील, तर वर्डच्या मेल मर्जमध्ये `Directory` प्रकार निवडून एक्सेलच्या ओळींवरून सलग सूची काढता येते. त्यासाठी एका रकान्यात पूर्ण वाक्यांतले टिपण लिहिलेले असावे लागते.

भाचीने जोडीचा पर्याय घेतला. सारा तक्ता उभा करायला तिचे दोन आठवडे गेले, त्यातले पहिले चार दिवस नुसते झोटेरोतल्या नावांवर. परत जाताना तिच्या 71 नोंदींपैकी 38 नोंदींपुढे "गो" होते आणि त्यांतल्या 29 ओळींत झाडांचा रकाना रिकामा होता. त्या 29 निबंधांची मागणी तिने आमच्याच ग्रंथालयातून वेगवेगळ्या ठिकाणी पाठवली आहे.