माध्यम-मालकीवरचं सादरीकरण: आकड्यापासून सुरुवात की बातमीपासून?

माध्यमांची मालकी मोजक्या हातांत एकवटते, हे सादरीकरणात दाखवायचे दोन आराखडे आहेत. पहिला आराखडा बाजारहिश्शाचा. प्रत्येक मालकाच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज करायची; बेरीज जितकी मोठी, तितकी मालकी जास्त एकवटलेली. समजा चार वाहिन्यांचे हिस्से ४०, ३०, २० आणि १० आहेत. बेरीज ३००० येते. पण ३० आणि २० वाल्या वाहिन्यांचा मालक एकच निघाला, तर ती ४२०० होते. चूक इथेच होते: वाहिन्यांची नावं मोजली जातात, मालक नाही. शिवाय हा आकडा मालकी सांगतो, मजकुराबद्दल गप्प राहतो.

दुसरा आराखडा मजकुराचा. अमेरिकेतल्या सिंक्लेअर समूहाने २०१७ मध्ये काही स्थानिक वाहिन्या विकत घेतल्या. मार्टिन आणि मॅक्क्रेन या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की खरेदीनंतर तिथल्या बातम्यांत राष्ट्रीय राजकारण वाढलं आणि स्थानिक विषय घटले. त्यांनी त्याच बाजारातल्या न विकलेल्या वाहिन्यांशीही तुलना केली, म्हणून बदल निवडणुकीच्या वातावरणाचा की मालकाचा, हे वेगळं काढता आलं. फक्त ‘आधी आणि नंतर’ दाखवलं, तर पहिल्याच प्रश्नाला सादरीकरण कोसळतं.

वीस मिनिटं असतील तर आम्ही दुसरा निवडू. पहिल्याला एकच स्लाइड पुरे.