जोत्याची उंची: लेव्हल ट्यूब की ऑटो लेव्हल?

खोलीभर अंतरात लेव्हल ट्यूब उत्तम. नळीत हवेचा बुडबुडा नसला की पाणी खोटं बोलत नाही. पण रस्त्यापासून प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत जायचं तर नळी तीन-चार टप्प्यांत न्यावी लागते आणि प्रत्येक खुणेची चूक पुढच्या खुणेत जाते. तिथे मी ऑटो लेव्हलच, म्हणजे ट्रायपॉडवरची आडवी नजर देणारी दुर्बीणच, लावतो.

समजा, जोतं रस्त्याच्या मध्यापेक्षा 0.600 मीटर उंच हवं. रस्त्याची पातळी 100.000 धरली आणि तिथे उभ्या धरलेल्या स्टाफवर, म्हणजे मीटरच्या खुणा असलेल्या पट्टीवर, 1.420 दिसलं, तर दुर्बिणीची नजर 101.420 वर आहे. जोतं 100.600 वर, म्हणून तिथे स्टाफ 0.820 दाखवेपर्यंत वर-खाली करायचा आणि त्याच्या तळाशी खूण करायची. रीडिंग कमी म्हणजे जागा उंच. नवखे इथेच उलटं करतात. मागच्या कोपऱ्यात जमिनीवर 1.685 आलं, तर तिथली जमीन 99.735, म्हणजे जोतं तिथे 0.865 मीटर उंच दिसणार. ट्यूबने हा फरक कळतो, पण कामगार खुणा मोजत बसतो.

शेवटी स्टाफ परत रस्त्यावर ठेवा. 1.420 आलं नाही, तर ट्रायपॉड हलला आहे. सगळ्या खुणा पुन्हा करा.

मात्र दुर्बिणीची नजरच तिरकी असेल, तर ही तपासणी ते पकडत नाही. म्हणून यंत्र रस्ता आणि कोपरा यांच्या साधारण मध्यावर लावा. अंतरं सारखी असली की ती चूक आपोआप कटते.